गच्चीवरच्या सौर पॅनेलांच्या सावलीने खालची खोली मोजता येण्याइतकी थंड होते का?

मोर्णाकाठ

नमस्कार. आमचे घर अकोल्यात आहे. एकमजली, सुमारे एक हजार चौरस फुटांचे. वर पाच इंची स्लॅब आहे आणि त्यावर सिमेंटचा पातळ थर. बांधताना विटांच्या तुकड्यांचा कोबा करायचा राहिला, तो आजतागायत राहिलाच. त्यामुळे एप्रिल लागला की संध्याकाळी सहाच्या सुमारास छताखाली उभे राहिले तरी डोक्यावर तवा धरल्यासारखी झळ लागते.

यंदा फेब्रुवारीत आम्ही तीन किलोवॉटची सौर यंत्रणा बसवून घेतली. ५४० वॉटची सहा पॅनेल आहेत, तीन-तीनच्या दोन ओळींत. पुढची कडा गच्चीपासून दीड फुटावर आणि मागची सव्वापाच फुटांवर आहे. ही सगळी पॅनेल आईच्या खोलीवर आली आहेत आणि ती खोली जवळजवळ पूर्ण झाकली गेली आहे. बसवणाऱ्यांनी सांगितले होते की विजेचे बिल तर जाईलच, शिवाय घर पाच अंशांनी थंड होईल.

आता मे सुरू आहे. आई म्हणते की दुपार पुष्कळ सुसह्य झाली आहे, पण रात्री झोपताना पूर्वीइतकेच गरम होते. पत्नीचे म्हणणे असे की कूलरला यंदा नवे गवत लावले, त्याचा हा परिणाम आहे आणि पॅनेलांचा काही संबंध नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की पॅनेलांच्या सावलीने खालच्या खोलीतील उष्णता खरोखर कमी होते का, होत असेल तर ती घरच्या घरी मोजता येईल का, आणि मोजायची तर कुठे आणि कशी?

वैशाली_प

आमच्याकडे नागपुरात फरक पडतो, हे मी छातीठोकपणे सांगेन. आकडा विचाराल तर मात्र माझ्याकडे नाही.

सौरकाम_सातारा

मी हेच काम करतो, म्हणून लिहितो. फरक पडतो आणि त्याचे कारण सोपे आहे. जे ऊन तुमच्या स्लॅबवर पडत होते ते आता पॅनेलवर पडते आणि पॅनेल त्याची वीज करते. म्हणजे जी उष्णता घरात यायची ती तारेतून मीटरकडे जाते. ग्राहकांना आम्ही तीन ते पाच अंश सांगतो आणि आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

जुना_कंत्राटदार

मी चाळीस वर्षे बांधकामे केली आहेत. वरील विधानाशी मी सहमत नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पॅनेलच्या खालच्या बाजूला हात लावून पाहावा, दोन सेकंदसुद्धा ठेववत नाही. असा काळा, तापलेला पत्रा दीड फुटावर बांधून ठेवला तर तो खालच्या स्लॅबला भाजणारच. सावलीचा जो फायदा होतो तो या उष्णतेत निघून जात असणार. शिवाय रात्री मोकळी गच्ची आकाशाखाली निवते, तसे निवणे पॅनेलांखाली होत नाही. जुन्या काळी लोक गच्चीवर पाणी मारून तिथेच झोपत, कारण गच्ची रात्री थंड होते. तिच्यावर छप्पर घातले तर कशी थंड होईल? मोर्णाकाठ यांच्या मातोश्रींचे निरीक्षण मला योग्य वाटते.

ऋतुपर्ण_व

मी वास्तुविद्या महाविद्यालयात इमारतींतील उष्णता हाच विषय शिकवतो. वरच्या दोन्ही प्रतिसादांत अर्धे-अर्धे खरे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी सातारकरांचे म्हणणे. आजच्या चांगल्या पॅनेलवर पडणाऱ्या उन्हापैकी साधारण पाचवा हिस्साच विजेत जातो. थोडे ऊन काचेवरून परत फिरते आणि उरलेल्या जवळजवळ तीन चतुर्थांशाने पॅनेल स्वतः तापते. तेव्हा ‘उष्णता तारेतून निघून गेली’ हे कारण फार तर पाचवा हिस्सा समजावते. पॅनेलच्या जागी त्याच उंचीवर साधी ताडपत्री ताणली असती, तरी स्लॅबला बराचसा लाभ मिळालाच असता. काम सावली करते आणि मधून वाहणारा वारा करतो.

आता कंत्राटदार काकांचा मुद्दा. पॅनेल पासष्ट अंशांपर्यंत तापते हे खरे आहे, पण ते खाली किती उष्णता फेकते याचा हिशेब करायला हवा. मेच्या दुपारी मोकळ्या गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे नऊशे वॉट ऊन पडते. पावसाळ्यांनी काळवंडलेले सिमेंट त्यातले दोन तृतीयांश, म्हणजे सहाशे वॉट, शोषून घेते. पॅनेलखालचा स्लॅब थेट ऊन न मिळाल्याने पंचेचाळीस ते सत्तेचाळीस अंशांवर असतो. पासष्ट अंशांचे पॅनेल त्याच्याकडे प्रत्येक चौरस मीटरमागे शंभर-सव्वाशे वॉट फेकते. बाजूंनी शिरणारा उजेड धरून आणखी थोडी भर पडते. म्हणजे सहाशेच्या जागी दीडशेच्या आसपास येतात. पॅनेलच्या खालून हात भाजतो म्हणून स्लॅबही तितकाच भाजतो असे होत नाही. पॅनेलची बरीचशी उष्णता वारा दोन्ही बाजूंनी उचलून नेतो.

मात्र ही सगळी गणिते स्लॅबच्या वरच्या पृष्ठभागाची आहेत. आपला प्रश्न खोलीचा आहे. मध्ये पाच इंच काँक्रीट आहे आणि ते उष्णता चार तास उशिराने खाली पोचवते. म्हणून तुमच्याकडे सर्वांत वाईट वेळ दुपारी एकची नसून संध्याकाळी पाच-सहाची असते. तेव्हा मोजायचे असेल तर दुपारी एकदा मोजून निष्कर्ष काढू नये.

पेठेतला

आमच्या पुण्यातील इमारतीच्या गच्चीवर गेल्या वर्षी पॅनेल बसली. आम्ही पाचपैकी तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आम्हाला तिळमात्र फरक जाणवलेला नाही. त्यामुळे हा सगळा जाहिरातीचा प्रकार आहे असे माझे मत झाले आहे.

ऋतुपर्ण_व

तिसऱ्या मजल्यावर जाणवणारही नाही. आपल्या डोक्यावरचा स्लॅब हा चौथ्या मजल्याची जमीन आहे, त्याला ऊन लागतच नाही. हा प्रश्न फक्त सर्वांत वरच्या मजल्यापुरता आहे. पाचव्या मजल्यावरील शेजाऱ्यांना विचारून इथे लिहावे, म्हणजे उपयोग होईल.

हर्णैकर

माझा अनुभव स्लॅबचा नाही, पत्र्याचा आहे. दापोली तालुक्यात आमचे आंबा पेटीत भरण्याचे शेड आहे. त्याच्या पत्र्यावर निम्म्या भागात पॅनेल आहेत आणि निम्मा भाग उघडा आहे. मधली फट जेमतेम चार इंचांची आहे. एप्रिलमध्ये दुपारी बाराला उघड्या भागाखाली काम करणाऱ्या बायका आपापल्या पेट्या उचलून पॅनेलांखालच्या भागात येऊन बसतात. त्यांना कोणी सांगितलेले नाही. माझ्या मते हीच मोजणी आहे.

ऋतुपर्ण_व

हर्णैकर, हे निरीक्षण फार मोलाचे आहे. पत्र्याला जाडी नाही, त्यामुळे उशीर नाही. वरचे ऊन काही मिनिटांत खालच्या माणसाच्या डोक्यावर पोचते आणि सावलीही काही मिनिटांत लागू पडते. पत्र्याच्या छताखाली पॅनेलांचा परिणाम सर्वांत ठळक असतो, त्या खालोखाल कोबा नसलेल्या उघड्या स्लॅबखाली, आणि चांगला जाड कोबा केलेल्या स्लॅबखाली बराच कमी. कोब्याने अर्धे काम आधीच केलेले असते.

आपल्या शेडमधली चार इंचांची फट मला कमी वाटते. पत्रा लांब असेल तर आतली हवा मधल्या भागात कोंडते.

शिल्पा_कुळकर्णी_७

उष्णतेने वीजनिर्मिती घटते असे ऐकले आहे. आमची पॅनेल मेमध्ये मार्चपेक्षा कमी वीज देतात. त्यावर गच्ची थंड ठेवण्याचा काही उपाय आहे का?

सौरकाम_सातारा

ताई, धाग्याचा प्रश्न उलट बाजूचा आहे, पण उत्तर देतो. पॅनेल पंचवीस अंशांच्या वर जितके तापेल तितकी प्रत्येक अंशामागे साधारण एक तृतीयांश टक्का वीज घटते. पासष्ट अंशांवर ही घट तेरा-चौदा टक्क्यांपर्यंत जाते. खालून वारा खेळता ठेवला की पॅनेल आणि गच्ची दोघांचेही भले होते. तुमच्याकडे धूळही तपासा, मेमध्ये ती मोठे कारण असते.

ऋतुपर्ण सरांचा पाचव्या हिश्श्याचा मुद्दा मान्य आहे. मी आजवर ग्राहकांना चुकीचे कारण सांगत होतो, पुढे सावलीच सांगेन. पण पाच अंशांच्या आकड्याबद्दल तुम्ही अजून काही बोलला नाहीत.

मुक्ता_सॅन_दिएगो

या विषयावर आमच्या इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील एक काम बरेच प्रसिद्ध आहे. यान क्लाइसल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्याच एका इमारतीचे छत उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने पाहिले. छताच्या काही भागावर पॅनेल होती आणि काही भाग उघडा होता. तिरप्या पॅनेलांखालचे छत आतून दिवसा सुमारे अडीच अंशांनी थंड आढळले. छतातून येणारी उष्णता सुमारे अडतीस टक्क्यांनी कमी झाल्याचा त्यांचा अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. छताला चिकटून बसवलेल्या पॅनेलांपेक्षा खाली फट ठेवून तिरपी बसवलेली पॅनेल सरस ठरली. रात्री पॅनेलांखालचा भाग थोडा उबदार राहतो हेही त्यांनी नोंदवले, म्हणजे कंत्राटदार काकांचा दुसरा मुद्दा अगदीच निराधार नाही.

मात्र सॅन दिएगोचे ऊन अकोल्याचे ऊन नव्हे. समुद्रकाठचा एप्रिल तिथे फार सौम्य असतो, त्यामुळे अडीच अंश हा आकडा जसाच्या तसा उचलू नये.

जुना_कंत्राटदार

मुक्ताताई, धन्यवाद. दुपारच्या बाबतीत मी माझा आग्रह सोडतो, सहाशे आणि दीडशे यांतला फरक मला समजला. पण रात्रीच्या बाबतीत माझा अनुभव कायम आहे.

निंबोणी

मला एक साधी गोष्ट मांडायची आहे. तीन किलोवॉटची सहा पॅनेल मिळून पंधरा चौरस मीटर होतात. मोर्णाकाठ यांची गच्ची एक हजार चौरस फूट, म्हणजे त्र्याण्णव चौरस मीटर आहे. गच्चीचा सहावा हिस्सा झाकला आणि ‘घर’ पाच अंशांनी थंड झाले, हे संभवतच नाही. फार तर आईंची खोली थंड होईल, बाकीचे पाच हिस्से पूर्वीसारखेच तापतील.

दुसरे असे की हीच उष्णता अडवण्यासाठी आम्ही जालन्याला दर मार्चमध्ये गच्चीला चुना मारतो. ताजा पांढरा चुना सत्तर टक्क्यांहून अधिक ऊन परत पाठवतो. तो संपूर्ण गच्चीवर बसतो, रात्री आकाश झाकत नाही आणि चुना, डिंक, दोन कुंचे व दोन मजूर एवढ्यात एका दिवसात काम होते. पावसाळ्यात तो धुऊन जातो हे खरे, पण तेव्हा त्याची गरजही नसते. पॅनेल विजेसाठी बसवावीत, गारव्यासाठी चुना मारावा.

ऋतुपर्ण_व

निंबोणी यांचे गणित अचूक आहे आणि या धाग्यात ते आधीच यायला हवे होते. त्यावर एकच जोड देतो. पॅनेलांखालीही चुना मारून घ्यावा, सावलीतही बाजूंनी उजेड येतोच.

मोर्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मी मोजायचे ठरवले आहे. आईची खोली आणि तिच्या उत्तरेला लागून असलेली मुलांची खोली, दोन्ही अकरा बाय तेरा फुटांच्या आहेत. दोन्हींची एक भिंत पश्चिमेला आहे आणि दोन्हींना एकेक सारखीच खिडकी आहे. पहिलीवर पॅनेल आहेत, दुसरीवर उघडे आकाश. बाजारातून तारेच्या टोकाला संवेदक असलेले पाच छोटे तापमापक आणले आहेत. ते कुठे लावू?

ऋतुपर्ण_व

एवढी सारखी जोडी सहसा मिळत नाही, तुमचे नशीब चांगले आहे. असे करा.

आधी तापमापकांचीच परीक्षा घ्या. स्टीलच्या पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी घालून ढवळा आणि सगळी टोके त्यात पाच मिनिटे ठेवा. शून्याच्या आसपास किती दाखवतात ते लिहून ठेवा. मग पाचही टोके एकत्र बांधून, फडक्यात गुंडाळून रात्रभर कपाटात ठेवा आणि सकाळी वाचा. जो इतरांपासून फटकून असेल तो बाजूला काढा. हे केले नाही तर तापमापकांतला फरकच तुम्ही पॅनेलांचा फरक म्हणून सांगाल.

मग प्रत्येक खोलीत एक टोक छताच्या मधोमध, पंख्यापासून दोन हात दूर, चिकटवा. टोक छताला पूर्ण टेकले पाहिजे आणि त्यावर थर्माकोलचा तुकडा लावला पाहिजे, नाहीतर ते हवेचेच तापमान दाखवेल. दुसरे टोक खोलीच्या मध्यभागी, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर टांगा. छताचे तापमान महत्त्वाचे, कारण हवेच्या तापमानात खिडकी, भिंत, कूलर, माणसे सगळे मिसळते. दोन्ही खोल्यांत कूलर आणि पंखा बंद, खिडक्या सारख्याच बंद ठेवा. पहाटे सहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा, अशा वेळा पुरेत. तिसऱ्या दिवशी दोन्ही खोल्यांचे तापमापक आपसांत बदला.

वैशाली_प

आईंना त्या खोलीत कूलरशिवाय बसवू नका म्हणजे झाले.

मोर्णाकाठ

वैशालीताई, काळजी नसावी. आईची व्यवस्था मोजणीपुरती बैठकीत, कूलरसमोर केली होती.

नऊ दिवसांनी लिहितो आहे. त्यांतले सलग तीन दिवस आभाळ निरभ्र मिळाले आणि बाहेर सावलीत त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश होते. पाचपैकी एक तापमापक बर्फात जवळजवळ एक अंश जास्त दाखवत होता, तो काढून टाकला. उरलेल्या चौघांत तीन दशांशांपेक्षा अधिक अंतर नव्हते. तीन दिवसांची सरासरी देतो.

छताच्या खालच्या पृष्ठभागाचे तापमान असे आले. पहाटे सहाला पॅनेलांखालच्या खोलीत ३३.६ आणि उघड्या खोलीत ३३.१. दुपारी दोनला ३६.२ आणि ३९.०. संध्याकाळी सहाला ३९.४ आणि ४३.७. रात्री दहाला ३७.४ आणि ३९.९. म्हणजे सर्वाधिक फरक संध्याकाळी, चार अंशांहून थोडा अधिक.

हवेचा फरक मात्र बराच कमी आहे. संध्याकाळी सहाला आईच्या खोलीत ३८.० आणि मुलांच्या खोलीत ३९.३. पहाटे दोन्ही खोल्या सारख्याच होत्या. तिसऱ्या दिवशी तापमापक बदलल्यावरही आकडे त्याच बाजूला झुकलेले राहिले.

एक गोष्ट आकड्यांत येत नाही, म्हणून सांगतो. संध्याकाळी शिडीवर चढून दोन्ही छतांना तळहात लावला. मुलांच्या खोलीचे छत तापलेल्या कपाळासारखे लागले आणि आईच्या खोलीचे जेमतेम कोमट. गच्चीवर गेलो तर पॅनेलांच्या सावलीची कड स्लॅबवर स्पष्ट होती. अनवाणी उभे राहिल्यावर एक पाय सावलीत ठेवता येत होता, दुसरा उचलावा लागत होता.

सौरकाम_सातारा

म्हणजे छत चार अंश आणि हवा सव्वा अंश. यापुढे ग्राहकाला मी ‘पॅनेलांखालच्या खोलीचे छत’ एवढेच सांगेन, ‘घर’ म्हणणार नाही.

ऋतुपर्ण_व

फार काळजीपूर्वक केलेली मोजणी आहे. आकड्यांचा अर्थ मला असा लागतो.

हवेतला सव्वा अंश पाहून निराश होऊ नये. माणसाला जाणवणारा उकाडा फक्त हवेचा नसतो. चव्वेचाळीस अंशांचे छत पलंगावर आडव्या पडलेल्या माणसाच्या अंगावर सतत उष्णता टाकत असते, आणि शरीराची सर्वांत मोठी बाजू त्या वेळी छताकडेच असते. ते छत चार अंशांनी उतरले तर आईंना दुपार ‘पुष्कळ सुसह्य’ वाटणे अगदी स्वाभाविक आहे. त्यांचे शब्द तापमापकाशी जुळतात.

वीज किती वाचेल? त्या खोलीत वातानुकूलन यंत्र असते, तर छतातून येणारी उष्णता ऐन संध्याकाळी साधारण अडीचशे ते चारशे वॉटने कमी झाली असती. यंत्र त्यासाठी याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी वीज वापरते. आठ तासांचा हिशेब केला तर दिवसाला पाऊण ते एक युनिट. तुमची सहा पॅनेल मेमध्ये दिवसाला बारा-तेरा युनिटे तयार करत असतील. तेव्हा सावलीचा लाभ खरा आहे, पण विजेच्या लाभापुढे तो लहान आहे. केवळ त्याच्या आशेने कोणी पॅनेल घेऊ नयेत.

एक शंका मात्र तुमच्या मोजणीत उरते. पॅनेल बसण्यापूर्वी या दोन खोल्या सारख्याच तापत होत्या का, हे आपल्याला ठाऊक नाही. कदाचित मुलांची खोली मुळातच जास्त तापत असेल.

मोर्णाकाठ

हे खरे आहे. आईच्या मते पूर्वी उलट होते, तिचीच खोली जास्त तापायची. पण त्याला आकड्याचा आधार नाही.

जुना_कंत्राटदार

पहाटेचे आकडे पाहावेत. पॅनेलांखालचे छत अर्ध्या अंशाने गरम आहे. मी हेच म्हणत होतो. विदर्भातील कोरड्या, निरभ्र रात्री मोकळी गच्ची आकाशाकडे उष्णता सोडते आणि पॅनेल त्या वाटेत उभी राहतात.

ऋतुपर्ण_व

काका, दिशा तुम्ही म्हणता तीच आहे, पण अर्धा अंश हा तुमच्या विजयाला थोडा अपुरा आहे. तापमापकांतच तीन दशांशांचे अंतर आहे. शिवाय पॅनेल स्वतःही रात्री आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षा थंड होते, त्यामुळे स्लॅब पूर्ण कोंडला जात नाही. आणि रात्री दहाला पॅनेलांखालचे छत अडीच अंशांनी थंडच होते. झोपेची पहिली निम्मी रात्र तरी फायद्यातच जाते.

जुना_कंत्राटदार

मग मातोश्रींना रात्री फरक का जाणवत नाही?

मोर्णाकाठ

याचे उत्तर कदाचित मला सापडले आहे. आई रात्री दहापर्यंत बैठकीत कूलरसमोर बसते आणि मग खोलीत जाते. कूलरसमोरून उठून आलेल्या माणसाला सदतीस अंशांची खोली गरमच वाटणार, मग छत सदतीसचे असो की चाळीसचे. मोजणीच्या तिसऱ्या रात्री मी तिला आधी मुलांच्या खोलीत दहा मिनिटे बसवले आणि मग तिच्या खोलीत नेले. ती आत येताच म्हणाली, ‘इथं डोकं शांत वाटतं.’ तेव्हा तिला तापमापकांचे आकडे मी सांगितलेले नव्हते.

जुना_कंत्राटदार

हे मान्य करायला हवे. पण पहाटेबाबत माझे मत मी राखून ठेवतो. डिसेंबरमध्ये पुन्हा मोजावे, तेव्हा आकाश अधिक स्वच्छ असते.

हर्णैकर

एक विचारायचे होते. आमच्याकडे एक जण पॅनेलांखाली बसता यावे म्हणून आठ फूट उंच सांगाडा करून घेत आहे. उंचीने सावली बिघडते का?

ऋतुपर्ण_व

भरदुपारी नाही. मेच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास अकोल्यात मध्यान्ही सूर्य डोक्यावर येतो, तुमच्या कोकणच्या किनाऱ्यावर त्याआधीच येतो. त्या वेळी सावली बरोबर पॅनेलांखालीच पडते. पण सूर्य पंचेचाळीस अंशांवर उतरला की आठ फूट उंचीवरच्या पॅनेलची सावली आठ फूट बाजूला सरकते. दुपारी साडेतीननंतर ती खोलीवर न राहता शेजारच्या खोलीवर जाईल. त्याच्या बदल्यात वारा उत्तम मिळतो. गच्ची वापरायची असेल तर उंच बांधावे. एकाच खोलीला सावली हवी असेल तर दीड-दोन फूट पुरेसे आहे.

निंबोणी

मोर्णाकाठ, आता मुलांच्या खोलीवर चुना मारून बघाल का? मला खात्री आहे की त्या खोलीचे छत पॅनेलांच्या बरोबरीला येईल.

मोर्णाकाठ

कालच चुना भिजत घातला आहे. परवा मारून झाला की पुन्हा तीन दिवस मोजतो. ऋतुपर्ण सरांची शंका मिटवण्यासाठी पावसाळ्यातही एकदा मोजेन. दिवसभर दाट ढग असतील तर सावलीचे काम उरणार नाही. दोन्ही छते त्या दिवशी सारखी निघाली तर फरक पॅनेलांचाच होता असे म्हणता येईल.

ऋतुपर्ण_व

उत्तम. फक्त एकच काळजी घ्या. ढगाळ दिवसाच्या आधीचा दिवसही ढगाळच हवा, नाहीतर स्लॅबमध्ये कालची उष्णता शिल्लक असेल. आणि मुलांच्या खोलीवरचा चुना तोवर बऱ्यापैकी धुऊन गेलेला असावा.

मोर्णाकाठ

लक्षात ठेवतो. आईच्या खोलीतला तापमापक काढायला गेलो तर तिने काढू दिला नाही. रोज संध्याकाळी सहाला ती आकडा वाचते आणि पंचांगाच्या समासात लिहून ठेवते.